नववीच्या वर्गात पेन्शन कशी समजावायची? (एकच तास मिळणार आहे)

मुलुंडची_सुखदा

मुलीच्या शाळेत महिन्यातून एक तास पालकांपैकी कोणीतरी घेतं. डॉक्टर झाले, पोलीस झाले, आता माझा नंबर. मी एका खासगी कंपनीत पगारपत्रकं बनवते हे बाईंना कळलं आणि त्यांनी विषय दिला, पेन्शन. नववीचा वर्ग, मराठी माध्यम, चाळीसेक मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. पालकांत सिक्युरिटीवाले आहेत, दुकानात कामाला जाणारे आहेत, घरकाम करणाऱ्या आया आहेत, रिक्षावाले आहेत, एकदोघं सरकारी नोकरीतले.

पेन्शन म्हणजे काय आणि आईबाबा आत्तापासून पैसे का भरतात, इथपर्यंत माझी गाडी ठीक जाते. अडतं ते पुढे. मुलीवर घरी तालीम करून पाहिली तर ती म्हणाली, "मग बँकेतच ठेवा ना, निदान किती झाले ते दिसतं तरी." मी बरंच काही सांगितलं, पण तिच्या चेहऱ्यावरून पटलं नव्हतं. साठवलेला पैसा आणि पेन्शन यात नेमका फरक काय, हे चौदा वर्षांच्या पोराला पटेल असं कोणी सांगू शकेल का? व्याख्या नकोत, त्या माझ्याकडे ढीगभर आहेत.

चाकरमानी

एवढं अवघड नाहीये हो. पगारातून १२ टक्के कापतात, तेवढेच मालक घालतो, त्यावर व्याज चढतं आणि रिटायर झालं की तेच पैसे थोडे थोडे करून दर महिन्याला परत मिळतात. सक्तीची बचत म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. किंवा भिशी म्हणा, प्रत्येकाच्या आईची एक तरी असतेच. लगेच कळेल पोरांना.

आठ_सतराची_फास्ट

बरं झालं धागा निघाला. माझ्या जुन्या कंपनीतला पीएफ नव्या खात्यात येतच नाहीये, जन्मतारीख जुळत नाही म्हणतात. जुनी कंपनी फोन उचलत नाही. काय करावं?

मुलुंडची_सुखदा

@आठ_सतराची_फास्ट, त्यासाठी वेगळा धागा काढा ना प्लीज, तिथे नक्की सांगते. इथे मला शाळेचं निस्तरायचंय.

निवृत्तनाथ

चाकरमानी, तुम्ही पीएफचं वर्णन केलंत आणि त्याला पेन्शनचं नाव दिलंत. निम्म्या महाराष्ट्राचा हाच समज आहे, त्यामुळे तासाची सुरुवात इथूनच करावी. मी विमा कंपनीत आयुर्मानाच्या तक्त्यांवर नोकरी काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

सुखदाताई, नावं खोडलेली एक पगाराची स्लिप फळ्यावर काढा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरा, म्हणजे आकडे सरळ येतात. कापले १,८००. हे १,८०० सगळेच्या सगळे पीएफमध्ये जातात, पेन्शनमध्ये त्यातला एक रुपया जात नाही. मालकही १,८०० भरतो, पण त्याचे दोन भाग होतात. १,२५० पेन्शन योजनेत आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. सरकार स्वतःच्या खिशातून पगाराच्या १.१६ टक्के, म्हणजे १७४ रुपये, पेन्शनमध्ये घालतं. ही ती १९९५ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ईपीएस.

आता त्या माणसाचं पासबुक उघडा. तीन रकाने असतात: कामगाराचा, मालकाचा आणि पेन्शनचा. वर्षअखेरीला जिथे व्याज जमा होतं ती ओळ बघा. पहिल्या दोन रकान्यांत आकडा असतो, तिसऱ्यात शून्य. दर वर्षी कोणीतरी तावातावाने विचारतं की माझ्या पेन्शनवरचं व्याज कुठे गेलं. तर तिथे व्याज लागतच नाही, कारण त्या रकान्यातले पैसे 'तुमचे' म्हणून वेगळे ठेवलेलेच नसतात. ते सगळ्यांच्या एका डब्यात गेलेले असतात. तुम्हाला मिळतो तो हक्क, आणि तो मोजतात सूत्राने: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. यातला पगार १५,००० च्या वर धरत नाहीत. वीस वर्षं पुरी केली की दोन वर्षं वरून मिळतात. सूत्रात जमा रक्कम आहे का बघा. कुठेच नाही.

भिशीचं म्हणाल तर तिथे बारा बायका बारा महिने तेवढेच भरतात आणि प्रत्येकीला तेवढेच मिळतात, फक्त आधी की नंतर एवढाच फरक. पेन्शनच्या डब्यात सारखे भरणाऱ्या दोघांपैकी एकाला तीन वर्षं मिळते आणि दुसऱ्याला तीस. गंमत सगळी तिथेच आहे.

चाकरमानी

माझा मेव्हणा राज्य सरकारात २००७ साली लागला. त्याच्या पगारातून १० टक्के कापतात आणि ते त्याच्याच नावावर जमा दिसतात, रोजचा भावसुद्धा दिसतो मोबाइलवर. मग ते काय आहे?

निवृत्तनाथ

ते एनपीएस, आणि तिथे तुमचं म्हणणं बरंचसं लागू पडतं. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांचा पैसा त्यांच्या नावावर वाढतो, आणि निवृत्तीला त्यातल्या एका भागातून विमा कंपनीकडून पेन्शन विकत घ्यावी लागते. म्हणजे डबा तिथेही आहे, फक्त साठीला उघडतो. पण नववीत हे सगळं काढू नका, तास संपेल.

गिरणगावकर

आमच्या घरचं सांगतो. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी असं एकरकमी हातात आलं. चाळीत तेव्हा सगळ्यांकडेच पैसे आले होते. गावचं घर शाकारलं, बहिणीचं लग्न झालं, काकांना टेम्पोसाठी दिले ते परत आलेच नाहीत. उधळपट्टी म्हणावी असं एकही काम नव्हतं. पैसा घरात दिसत होता म्हणून मागणारे येत होते, आणि सख्ख्या माणसाला नाही कसं म्हणणार. वडील लवकर गेले. आई त्यानंतर खूप वर्षं होती, शेवटपर्यंत माळा ओवायचं काम करायची. वडिलांच्या मागे महिन्याला ठरावीक असं काहीच नव्हतं, ईपीएस तेव्हा यायचीच होती.

तुमच्या मुलीला सांगा, बँकेत दिसतात ना, तोच घोळ आहे.

निवृत्तनाथ

गिरणगावकर, हे वर्गात सांगण्यासारखं आहे. पण मुलीचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. ती म्हणेल, आमच्याकडे कोणी उसने मागत नाही, मग? त्यासाठी एक खेळ देतो.

वर्गाचे दहा-दहा जणांचे चार गट करा. चिंचोके न्या, प्रत्येक मुलाला १९. एक चिंचोका म्हणजे म्हातारपणातला एका वर्षाचा खर्च. प्रत्येक गटात दहा चिठ्ठ्या टाका, त्यावर आकडे: ५, ८, १२, १५, १८, २०, २२, २५, ३०, ३५. हा आकडा म्हणजे निवृत्तीनंतर किती वर्षं जगणार. त्यांची बेरीज १९०, म्हणजे सरासरी १९. चिंचोके त्यावरूनच ठरवलेत.

पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपापले खर्च करायचे. तुम्ही वर्षं मोजत जा, मुलं एकेक चिंचोका खाली ठेवत जातील. पाच वर्षंवाल्याकडे १४ उरतील, आठवाल्याकडे ११. पण २० पासून पुढच्या पाचही जणांचे चिंचोके एकोणिसाव्या वर्षी संपतील, आणि पस्तीसवाल्याला अजून १६ वर्षं काढायची असतील. मुलांना विचारा, एकट्याने निर्धास्त राहायचं तर आधी किती जमवायला हवे होते? आपल्याला कुठली चिठ्ठी येणार हे कोणालाच माहीत नाही, म्हणजे प्रत्येकाने ३५.

दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी आपले १९ मधल्या डब्यात टाकायचे आणि जिवंत असेपर्यंत दर वर्षी एक उचलायचा. शेवटचा चिंचोका पस्तिसाव्या वर्षी उचलला जातो आणि डबा तेव्हाच रिकामा होतो. एकट्याला ३५ लागत होते ते काम १९ मध्ये झालं. बचतीला हे जमत नाही, कारण आपण किती जगणार हे बचतीला ठाऊक नसतं. दहा जणांच्या डब्यालाही कोण किती जगणार हे ठाऊक नसतं, पण एकूण किती लागतील याचा अंदाज असतो.

वसईची_सून

खेळ छान आहे, पण मी शिक्षिका आहे म्हणून सांगते, चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात "तू पाच वर्षांत मरणार" अशी चिठ्ठी देऊ नका. चाळीस मुलांत एकदोघांचे वडील नसतातच. आमच्याकडे असं झालंय, मूल वर्गातून उठून गेलं. चिठ्ठीवर कुठल्यातरी आजी-आजोबांची नावं घाला, खोटीच. मूल त्यांचा हिशेब ठेवेल.

दुसरं म्हणजे ज्यांच्या घरी पगाराची स्लिपच नाही, त्या मुलांचं काय? घरकाम करणारी आई, रिक्षावाले बाबा. ती मुलं तासभर दुसऱ्यांच्या बापाची पेन्शन ऐकणार.

निवृत्तनाथ

नावांचं एकदम मान्य. हे मला सुचलं नव्हतं.

स्लिप नसलेल्यांसाठी अटल पेन्शन आहे, २०१५ पासून. साठीनंतर महिना १,००० ते ५,०००, जेवढी ठरवाल तेवढी. अट अशी की वय १८ ते ४० मध्ये असताना शिरावं लागतं आणि आयकर भरणाऱ्यांना आता घेत नाहीत. फळ्यावर एवढंच लिहा: ५,००० ची पेन्शन हवी तर अठराव्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना २१०, पस्तिसाव्या वर्षी ९०२, चाळिसाव्या वर्षी १,४५४. नववीतल्या मुलांना अठरा हे वय जवळचं वाटतं. नवरा किंवा बायको मागे राहिली तर तिला तेवढीच पेन्शन चालू राहते, आणि दोघांनंतर वारसाला साठलेली रक्कम मिळते. ईपीएसमध्ये ही शेवटची गोष्ट नाही.

गणिताचा_मास्तर

नाथकाका, चिंचोके ठीक. आता रुपये मोजू.

समजा कोणी २०१५ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी लागला आणि तीस वर्षं करून ५८ व्या वर्षी निवृत्त झाला. पगाराची १५,००० ची मर्यादा तशीच राहिली असं धरू. पेन्शन १५,००० गुणिले ३२ भागिले ७०, म्हणजे महिना ६,८५७. मालकाने त्याच्यासाठी भरले १,२५० गुणिले ३६० महिने, साडेचार लाख. साडेपाच वर्षांत वसूल, वा वा.

पण तेच १,२५० पीएफच्या ८.२५ टक्क्यांनी तीस वर्षं वाढले असते तर साधारण १९ लाख झाले असते. त्याच दराने नुसतं व्याजच महिना १३,००० येतं, पेन्शनच्या जवळजवळ दुप्पट, आणि मुद्दल मुलांना राहतं. सुखदाताईंच्या लेकीचं काय चुकलं?

चाकरमानी

+१. हेच म्हणत होतो मी.

निवृत्तनाथ

मास्तर, हिशेब बरोबर आहे. तीस वर्षं सलग नोकरी करून धडधाकट बाहेर पडणाऱ्याला ईपीएस बचतीपेक्षा कमी देते, हे मी लपवणार नाही. फक्त तुमचं उदाहरण शेवटपर्यंत पोचलेल्याचं आहे. तोच माणूस तिसऱ्या वर्षी अपघातात गेला तर? पीएफसारख्या खात्यात तोवर जमलेले असतील पन्नासेक हजार. पेन्शनच्या डब्यातून त्याच्या बायकोला महिन्याला पेन्शन सुरू होते, किमान १,०००, आणि दोन मुलांना प्रत्येकी किमान २५०, पंचविसाव्या वर्षापर्यंत. स्वतःच्या महिन्याच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते तशी यासाठी लागत नाही, एक महिन्याची वर्गणी पुरते. कामावर असताना कायमचं अपंगत्व आलं तरी तसंच. निवृत्तीनंतर गेला तर बायकोला त्याच्या पेन्शनच्या निम्मी, म्हणजे तुमच्या उदाहरणात ३,४२८, तहहयात. तुमच्या १९ लाखांतले काही लाख या घरांकडे गेलेले आहेत.

गणिताचा_मास्तर

काही लाख गेले हे मान्य. सगळा फरक त्यातच गेला हे मान्य नाही. आणि हे १,००० रुपये २०१४ मध्ये ठरलेत. तेव्हापासून वांगी किती महाग झाली? सरकारी पेन्शनला महागाई भत्ता लागतो, ईपीएसला लागत नाही. ६,८५७ वीस वर्षांनीही ६,८५७ च. ईपीएसवाले म्हातारे ७,५०० मागत आंदोलनं करतायत ते उगाच नाही.

निवृत्तनाथ

महागाईचं तुमचं शंभर टक्के खरं. डबा वय सांभाळतो, भाव सांभाळत नाही. मुलांना हेही सांगावं. म्हणून पीएफ, म्हणजे बचत, आणि पेन्शन दोन्ही लागतात असं माझं मत, मास्तरांचं वेगळं असू शकतं.

लोअर_परळची_मनवा

मध्येच विचारते. मी तीन नोकऱ्या बदलल्या, दर वेळी पीएफ काढला आणि त्याबरोबर पेन्शनचे पैसेही आले. मग मला पेन्शन मिळणारच नाही का? एकूण नोकरी बारा वर्षं झाली.

मुलुंडची_सुखदा

हे माझ्या रोजच्या कामातलं. पेन्शनचा भाग काढला की त्या नोकरीची वर्षंही त्याबरोबर जातात. महिन्याच्या पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात आणि तुमची मोजणी शेवटच्या वेळी काढलंत तिथून पुन्हा सुरू झाली. आत्ताची नोकरी किती वर्षांची आहे त्यावर आहे. पुढच्या वेळी नोकरी बदललीत तर काढू नका, खातं पुढे न्या, नाहीतर झालेली वर्षं नोंदवून ठेवणारं स्कीम सर्टिफिकेट घ्या. पोरींना लग्न ठरलं की हे पैसे हमखास काढायला लावतात, माझ्या टेबलावर दर महिन्याला एक तरी अर्ज येतो.

मुलुंडची_सुखदा

तास झाला, वृत्तांत देते.

नावं आजी-आजोबांची घातली, त्यामुळे वातावरण हसतं राहिलं. पहिली फेरी काकांनी सांगितली तशीच झाली. दुसऱ्या फेरीत एका गटाने डब्यात टाकायच्या आधीच चिठ्ठ्या उघडून बघितल्या. पाचवाला म्हणाला, "बाई, माझे आजोबा कशाला १९ देतील?" त्याचं बघून आठ आणि बारावालेही मागे झाले. मला थांबवायचं होतं, पण म्हटलं चालू दे. सात जण राहिले, डब्यात १३३ चिंचोके. विसाव्या वर्षी डबा रिकामा! २२, २५, ३० आणि ३५ वाले चौघे नुसते बघत बसले. त्यातल्या पस्तीसवालीने पाचवाल्याला चांगलंच झापलं.

मग मी विचारलं की हे होऊ नये म्हणून काय करायचं. एक मुलगा म्हणाला, चिठ्ठी उघडायच्या आधीच सगळ्यांकडून घ्यायचे. दुसरी म्हणाली, कोणाला विचारायचंच नाही, पगारातनंच कापायचे. आईबाबा तरुणपणीच का भरतात आणि कंपनी विचारत का नाही, याचं उत्तर त्यांनीच दिलं. भाषण करायची वेळच आली नाही.

मास्तरांचे १९ लाख मी मुद्दाम फळ्यावर लिहिले. वर्ग दोन तटांत फुटला आणि घंटा झाली. माझी लेक बँकवाल्यांत होती.

गणिताचा_मास्तर

हुशार मुलगी.

पण तो पाचवाला मला आवडला. त्याला कोणी विचारलं का, की चिठ्ठी खरंच आधी कळली असती तर तो चुकीचा कसा? कमी जगणारे बहुतेक गरीबच असतात, अंगमेहनतीची कामं करणारे. म्हणजे तुमच्या डब्यात सिक्युरिटीवाल्याचे चिंचोके साहेबाच्या पस्तिसाव्या वर्षाला जातात.

निवृत्तनाथ

हा आक्षेप खोटा नाही. ईपीएसमध्ये १५,००० ची मर्यादा आणि किमान पेन्शन यामुळे थोडा तोल सांभाळला जातो, आणि लवकर जाणाऱ्याच्या बायकोला मिळते ते त्याच डब्यातून. पण पुरता सांभाळला जातो असं मी म्हणणार नाही. नोकरीत असताना यावर आमचे वाद व्हायचे, तेव्हाही मिटले नव्हते.

वसईची_सून

सुखदाताई, चिठ्ठ्यांचे आकडे माझ्या आठवीला चालतील का? भागाकार येतो त्यांना. आणि चिंचोके कुठून आणलेत इतके?

मुलुंडची_सुखदा

चालतील की. सरासरी त्यांनाच काढू दे, १९ आधी सांगू नका. चिंचोके सासूबाईंच्या डब्यातले, पुरले नाहीत तिथे वाल घातले. तुमच्या वर्गात एका गटाला मुद्दाम आधी चिठ्ठ्या उघडू द्या, काय होतं ते इथे लिहा.

आठ_सतराची_फास्ट

वेगळा धागा काढलाय. कोणी बघेल का?